अर्धवर्तुळावरचे चार पोल आणि माझे हरवलेले डीबी

नोकरीला लागून दोन महिने झाले होते. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मोटारींच्या बेअरिंगची कंपनं मोजणारं उपकरण तयार होत होतं आणि त्यातला लो-पास फिल्टर माझ्या वाट्याला आला. कॉलेजात बटरवर्थवर दहा मार्कांचा प्रश्न मी दोनदा सोडवला होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत काम उरकेल असं वाटलं. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले. जे नव्याने या कामाला बसतील त्यांच्यासाठी ते तीन आठवडे इथे मांडतो.

हातात आलेलं स्पेसिफिकेशन दोन ओळींचं होतं. १ किलोहर्ट्‌झपर्यंत सिग्नल १ डीबीपेक्षा जास्त घटता कामा नये आणि ३ किलोहर्ट्‌झच्या पुढे तो किमान ३० डीबी खाली गेला पाहिजे. हा ३ चा आकडा आला कुठून, हे मी विचारलंच नाही. पुढे कळलं की एडीसी सेकंदाला ४००० नमुने घेत होता. अशा एडीसीला ३ किलोहर्ट्‌झचं कंपन आणि १ किलोहर्ट्‌झचं कंपन यांतला फरक कळत नाही, कारण ४ मधून ३ वजा केले की १ उरतो. म्हणजे ३ च्या पुढचा कचरा आधीच अडवला नाही, तर तो आपल्या मोजायच्या पट्ट्यात येऊन बसणार. स्पेसिफिकेशनमधल्या प्रत्येक आकड्यामागे असं काहीतरी असतं. ते आधी विचारून घ्या, कारण पुढे तडजोड करायची वेळ येते तेव्हा कुठला आकडा हलतो आणि कुठला हलत नाही हे त्यावरूनच ठरतं.

पासबँड सपाट हवा होता, म्हणून बटरवर्थ. ब्रिटिश अभियंते स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० मध्ये तो मांडला. त्याचं सगळं गणित एका ओळीत मावतं:

```
|H|² = 1 / (1 + (f/fc)^(2n))
```

शून्य फ्रिक्वेन्सीपाशी हा आलेख जितका सपाट ठेवता येईल तितका ठेवलेला आहे. आपल्याला आधी ऑर्डर, म्हणजे `n`, काढायची आहे. दोन्ही अटी सूत्रात घालून एकीला दुसरीने भागलं की `fc` निघून जातो:

```
n ≥ log[(10^3 − 1)/(10^0.1 − 1)] / (2·log(3000/1000))
  = log(999/0.2589) / 0.954 = 3.76
```

अर्धामुर्धा पोल बसवता येत नाही, म्हणून ऑर्डर ४.

आता नव्या माणसाचा पाय जिथे पहिल्यांदा घसरतो ती जागा. स्पेसिफिकेशनमध्ये १ किलोहर्ट्‌झ लिहिलं आहे म्हणून हात आपोआप `fc` = १ किलोहर्ट्‌झ लिहितो. पण `fc` म्हणजे आउटपुट ३ डीबी घटतो ती जागा, आणि आपल्याला १ किलोहर्ट्‌झला फक्त १ डीबी चालणार आहे. `fc` वेगळा काढावा लागतो आणि तो एकच एक आकडा नसतो. पासबँडची अट सांगते की `fc` ११८४ हर्ट्‌झच्या खाली नको. स्टॉपबँडची अट सांगते की तो १२६५ च्या वर नको. ३.७६ चे ४ केले, त्या वाढीव पावाचं फळ म्हणजे ही मधली जागा. ती भाग जुळवताना होणाऱ्या चुकांसाठी राखून ठेवायची असते. मी मधला १२२५ धरला. तिथून दोन्ही कडांना साधारण सव्वातीन टक्के मोकळीक मिळते. मग १ किलोहर्ट्‌झला ०.७८ डीबी घट आणि ३ किलोहर्ट्‌झला ३१.१ डीबी.

इथवर सगळं बरोबर होतं. चूक पुढच्या पाच मिनिटांत झाली.

ऑर्डर ४ चा फिल्टर ऑपॅम्पवर बांधायचा तर दुसऱ्या ऑर्डरचे दोन टप्पे एकामागे एक लावतात. मी सॅलन-की सर्किट घेतलं. एक ऑपॅम्प, दोन सारखे रेझिस्टर, दोन कपॅसिटर. दुसऱ्या ऑर्डरच्या बटरवर्थचा क्यू ०.७०७ असतो हे मला पाठ होतं. तसा एक टप्पा १२२५ हर्ट्‌झचा काढला, त्याचीच दुसरी प्रत पुढे जोडली आणि दोन दुणे चार म्हणून मोकळा झालो.

बोर्ड आला. ३ किलोहर्ट्‌झला १ व्होल्ट दिला, पलीकडे २७ मिलिव्होल्ट. गणितात २८ होते. मी खूश. टेस्टिंगला एक काका होते, त्यांनी जनरेटर १ किलोहर्ट्‌झवर आणला. बाहेर आले ०.६९ व्होल्ट. यायला हवे होते ०.९१.

"अरे, तीन डीबी कुठे सांडलेस?" काकांनी विचारलं.

मी आधी कपॅसिटरवर संशय घेतला. ते बदलले. मग ऑपॅम्प बदलला. मग प्रोबवरही संशय घेऊन झाला. स्टॉपबँड इतका बरोबर येतोय म्हटल्यावर डिझाइनच चुकलं असेल हे मनातच येईना, आणि ही चूक फसवी आहे ती याचसाठी. कटऑफच्या खूप वर गेलं की चार पोल कुठे बसलेत याने फारसा फरक पडत नाही. चार आहेत आणि मध्यापासून किती लांब आहेत, एवढंच मोजलं जातं. पोल कुठल्या कोनात बसलेत, ते कटऑफच्या आसपासच दिसतं.

काकांनी कागदावर एक वर्तुळ काढलं. वरच्या सूत्राचा छेद शून्य कधी होतो हे एस-प्रतलात शोधलं, तर `n` = ४ साठी आठ उत्तरं मिळतात. ती सगळी `fc` त्रिज्येच्या वर्तुळावर ४५-४५ अंशांवर बसतात, चार उजवीकडे आणि चार डावीकडे. उजवीकडचे घेतले तर आउटपुट वाढतच जाईल, म्हणून ते टाकायचे. उरतं डावं अर्धवर्तुळ आणि त्यावरचे चार पोल. आडव्या अक्षाच्या डाव्या टोकापासून वर-खाली २२.५ अंशांवर एक जोडी आणि ६७.५ अंशांवर दुसरी.

एक जोडी म्हणजे एक टप्पा. त्रिज्या म्हणजे त्या टप्प्याची फ्रिक्वेन्सी, आणि कोनावरून क्यू:

```
Q = 1 / (2·cos θ)
θ = 22.5°  →  Q = 0.541
θ = 67.5°  →  Q = 1.307
```

मी काय केलं होतं? दोन्ही जोड्या ४५ अंशांवर, एकावर एक ठेवल्या होत्या. त्रिज्या बरोबर, पोल चार, पण अर्धवर्तुळावर पसरलेले नाहीत. त्यामुळे १२२५ हर्ट्‌झला प्रत्येक टप्पा ३ डीबी खात होता, मिळून ६. बरोबर डिझाइनमध्ये पहिला टप्पा तिथे सिग्नल ०.५४१ पट करतो, दुसरा १.३०७ पट, आणि गुणाकार येतो नेमका ०.७०७. पहिला वाकतो, दुसरा तेवढ्यात फुगतो, आणि दोघांची बेरीज सपाट दिसते. एकेकटा टप्पा पाहिला तर दोन्हींपैकी एकही सपाट नाही. हे कागदावर पाहिलं तेव्हा मला अर्धवर्तुळ पहिल्यांदा कळलं. परीक्षेत मी ते कंपासने सुबक काढत असे, एवढंच.

मग नव्याने गणित. सारखे रेझिस्टर `R` घेतले तर सॅलन-कीमध्ये फीडबॅकचा कपॅसिटर `2Q/(2πfR)` आणि जमिनीला जाणारा `1/(2Q·2πfR)`. `R` १० किलोओहम धरला. पहिल्या टप्प्याला १४.०६ आणि १२ नॅनोफॅरड आले, दुसऱ्याला ३३.९५ आणि ४.९७. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात १४.०६ मागितलं असतं तर दुकानदाराने चहा पाजून परत पाठवलं असतं. मिळतात १५, १२, ३३ आणि ४.७. ते घेतले, आणि फ्रिक्वेन्सी जागेवर राहावी म्हणून रेझिस्टर बदलून एक टक्कावाले ९.७६ आणि १०.५ किलोओहम लावले.

पुन्हा मोजलं. दोन्ही अटी पाळल्या गेल्या, पण ७०० हर्ट्‌झच्या आसपास आलेख जवळजवळ ०.२ डीबी वर उचललेला. कारण क्यू हा दोन कपॅसिटरच्या गुणोत्तरावर ठरतो, रेझिस्टर बदलून तो हलत नाही. १५ आणि १२ मुळे पहिल्याचा क्यू ०.५५९ झाला होता, ३३ आणि ४.७ मुळे दुसऱ्याचा १.३२५. दोन्ही जोड्या अर्धवर्तुळावरून किंचित उभ्या अक्षाकडे सरकल्या होत्या. उपाय साधा निघाला. १५ च्या जागी १२ ला समांतर २.२, म्हणजे १४.२. क्यू ०.५४४ वर आला, रेझिस्टर पुन्हा सरळ १० किलोओहम झाला, आणि तो फुगवटा गणिताप्रमाणे ०.०४ डीबीच्या आत गेला. आमच्या मीटरवर तो दिसेनासाच झाला.

कपॅसिटर फिल्मचे घ्या किंवा सीझिरोजी सिरॅमिक. साधे दहा टक्क्यांचे घेतले तर सव्वातीन टक्क्यांची मोकळीक पहिल्या झटक्यात संपते. एक्ससेव्हनआर सिरॅमिकची किंमत तर व्होल्टेज आणि तापमानाबरोबर बदलते. आम्ही एलसीआर मीटरवर मोजून जोड्या लावल्या.

पोल खरंच कुठे बसलेत हे टेबलावर तपासता येतं, आणि ही काकांची युक्ती मी आजही वापरतो. एकच टप्पा वेगळा घ्या. स्कोप एक्स-वाय मोडवर टाका, एका चॅनलला इनपुट, दुसऱ्याला आउटपुट. लंबवर्तुळ तिरकं दिसेल. फ्रिक्वेन्सी फिरवत जा. ज्या जागी ते अजिबात तिरकं राहत नाही, तिथे फेज बरोबर ९० अंश मागे आहे. ती फ्रिक्वेन्सी म्हणजे पोलची त्रिज्या. तिथेच आउटपुटला इनपुटने भागा, तो आकडा म्हणजे क्यू, आणि क्यूवरून कोन. दोन मिनिटांत त्या जोडीचा पत्ता मिळतो. पहिल्या दिवशी मी हे केलं असतं तर दोन्ही टप्प्यांवर ०.७०७ दिसला असता आणि ऑपॅम्प बिचारा वाचला असता.

टप्प्यांचा क्रमही पाहा. १.३०७ क्यूचा टप्पा १०३० हर्ट्‌झच्या आसपास सिग्नल १.४१ पट करतो. तो आधी लावला तर ३ व्होल्टचे सव्वाचार होतात, आणि ±५ व्होल्टवर चालणारा आमचा टीएल०७२ तिथे लाटांचे माथे छाटायला लागतो. कमी क्यूचा आधी लावला की सिग्नल वाकून मग फुगतो, आणि हा त्रास होत नाही.

एवढं झाल्यावर उपकरण ग्राहकाकडे गेलं, आणि दोन आठवड्यांनी फोन आला. कंपनं ठीक दिसताहेत, पण हातोडीने ठोकून पाहिलं की झटका खऱ्यापेक्षा मोठा दिसतो आणि मागे शेपूट हलतं. यात बिघाड काही नव्हता. ऑर्डर ४ चा बटरवर्थ अचानक उडी घेणाऱ्या सिग्नलवर साधारण ११ टक्के वर जाऊन मग खाली स्थिरावतो. सपाटपणा त्याने फ्रिक्वेन्सीत राखलेला असतो, वेळेत नाही. ठोकण्याच्या चाचणीसाठी आम्ही अशा उडीवर जवळजवळ न फुगणाऱ्या बेसेल फिल्टरची वेगळी पाटी बनवली, बटरवर्थची आहे तशीच ठेवली, आणि निवडीसाठी पुढच्या पॅनेलवर एक स्विच आला.