बडीशेप, जिरं आणि कॅमोमाइलचा चहा: या चुका टाळा

पोट फुगलं की बडीशेप, जेवण जड झालं की जिऱ्याचं पाणी, आणि आता बाजारात आलेली कॅमोमाइलची फुलं. तिन्ही साध्या गोष्टी आहेत, पण नेहमी चुकतं ते दोन ठिकाणी: कोणाला द्यायचं आणि कसं करायचं. पहिली चूक तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून आधी तिच्याबद्दल सविस्तर.

दीड महिन्याचं बाळ रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास रडायला लागतं. पाय पोटाशी घेतं, चेहरा लाल होतो, काही केल्या थांबत नाही. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "बडीशेपेचं पाणी पाजा, गॅस सुटेल." पहिल्या दिवशी दोन चमचे दिले जातात. बाळ थोडं शांत झालं की दुसऱ्या दिवसापासून बाटलीत ६० मिली, तेही दिवसातून तीनदा.

आता हिशेब करा. साडेचार किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ६५० ते ७०० मिली दूध लागतं. त्याच्या पोटात १८० मिली पाणी गेलं, तर चौथ्या हिश्श्याहून जास्त जागा अशा द्रवानं घेतली ज्यात ना प्रथिनं, ना स्निग्धांश, ना पुरेसे क्षार. बाळ पोट भरल्यासारखं झोपतं आणि घरच्यांना वाटतं, उपाय लागू पडला. पण आठवड्यानं वजनाचा काटा जागचा हलत नाही, लंगोट कमी वेळा बदलावे लागतात आणि बाळ कमी ओढतं म्हणून आईचं दूधही आटत जातं. पाणी फारच झालं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. इतक्या लहान मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी झपाट्यानं बाहेर टाकता येत नाही, आणि सोडियम फार उतरलं तर बाळाला झटके येऊ शकतात.

म्हणून सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला चहा नाही, अर्क नाही, साधं पाणीही नाही. 'चमचाभरच तर आहे' हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण चमच्याची वाटी आणि वाटीची बाटली कधी होते ते कोणालाच कळत नाही. सहाणेवर उगाळलेल्या गुटीतल्या बाळंतशेपेलाही हाच नियम. सहाण, ती धुतलेलं पाणी आणि उगाळणाऱ्याचे हात यांतून जंतू जातात, ते वेगळंच.

मग उपाय लागू पडल्यासारखा का वाटतो? हे रडणं दोनेक आठवड्यांच्या वयात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं आपोआप ओसरतं. सातव्या आठवड्यात काहीही पाजलं, तरी आठव्या-नवव्या आठवड्यातल्या शांततेचं श्रेय त्यालाच जातं. या काळात बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढावा, हातावर पालथं घेऊन पाठ चोळावी, पोटावर घड्याळाच्या दिशेनं हलका हात फिरवावा, दिवे मंद करावेत. बाळाच्या रडण्यानं आई थकली असेल तर ते अर्धा तास दुसऱ्या कोणाकडे द्यावं. हिरवी उलटी, शौचात रक्त, टणक फुगलेलं पोट, दूध न घेणं, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस वा त्याहून जास्त ताप यांपैकी काहीही दिसलं, तर तो पोटशूळ समजून थांबू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

आईनं प्यायलं तर चालेल का, हा लगेच येणारा प्रश्न. जेवणानंतर तोंडात टाकलेल्या चिमूटभर बडीशेपेला हरकत नाही. पण दूध वाढावं म्हणून बडीशेप घातलेले मिश्र काढे लिटरनं पिणाऱ्या आयांची बाळं सुस्त आणि ढिली पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आईनं काढा बंद केल्यावर ती बाळं सुधारली.

दुसरी मोठी चूक आहे उकळत ठेवण्याची. पातेलं उघडं, आच मोठी, दहा मिनिटं खळखळ उकळी, आणि घरभर सुटलेल्या वासाचं कौतुक. तो वास म्हणजेच औषध. बडीशेपेतलं अॅनेथोल आणि जिऱ्यातलं क्युमिनाल्डिहाइड ही उडून जाणारी तेलं आहेत. ती वाफेबरोबर छताला लागली की कपात उरतं फिकं, तुरट पाणी. ते चवीला काहीच लागत नाही म्हणून मग लोक दुप्पट दाणे घालतात.

बडीशेप वापरायच्या वेळीच खलबत्त्यात नुसती ठेचायची. दाणा फुटला पाहिजे, पीठ नको. मोठ्या माणसासाठी एक सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम, कपात घ्यावा. वरून उकळतं पाणी ओतून लगेच बशी झाकावी आणि पंधरा मिनिटांनी गाळावं. बशीच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत कपात झटकावेत, कारण वर चढलेलं तेल तिथंच असतं. आदल्या आठवड्याला कुटून ठेवलेल्या पुडीची मला घाई कळत नाही, खलबत्त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. जिरं जरा कणखर असतं, म्हणून अर्धा चमचा जिरं झाकण ठेवून मंद आचेवर तीन-चार मिनिटं चालतं, नंतर पाच मिनिटं मुरू द्यावं. कॅमोमाइलची सुकी फुलं दोन छोटे चमचे, वर गरम पाणी, झाकण, आणि पाच ते दहा मिनिटं. त्याहून जास्त ठेवलं तर कडवट होतं.

वयाचं गणित असं. युरोपच्या औषध नियामकांनी चार वर्षांखालच्या मुलांना बडीशेपेचा चहा देऊ नये असं सांगितलं आहे. त्यातल्या एस्ट्रॅगोल या घटकाबद्दलही शंका आहेत. मुलाला वरचं अन्न सुरू झाल्यावर वरणभातातली जिऱ्याची फोडणी पुरेशी आहे, वेगळा काढा नको. चार ते बारा वर्षांच्या मुलाला पोट दुखत असेल तर कपाला अर्धा चमचा बडीशेप, दिवसातून दोन-तीनदा, तेही थोडे दिवस. आठवड्यात बरं वाटलं नाही तर कारण दुसरं आहे. मोठ्यांनीही सलग दोन आठवड्यांपुढे जाऊ नये. गरोदरपणात जेवणातला मसाला ठीक, रोजचे कप नकोत.

कॅमोमाइल शेवंती-झेंडूच्या कुळातलं आहे. त्या फुलांनी शिंका किंवा पुरळ येत असेल तर ते टाळा, आणि रक्त पातळ करणारी वॉरफरीन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पुडीवरची यादीही वाचा. बऱ्याच 'कॅमोमाइल' पुड्यांत ग्रीन टी मिसळलेला असतो आणि मुलाला झोपेऐवजी कॅफीन मिळतं.

काही चुका एका ओळीच्या. साखरेचा थर दिलेली रंगीत बडीशेप चहाला चालत नाही. कडू जिरं हे जेवणातलं जिरं नव्हे. चक्रफूल मुलांच्या चहात घालूच नका, कारण त्यासारख्याच दिसणाऱ्या जपानी जातीत झटके आणणारं विष असतं. वर्षाखालच्या मुलाला मध कशातही घालून देऊ नये. छातीत जळजळ असेल तर जिरं-ओव्याचा कडक काढा ती वाढवू शकतो, तो गॅसवरचा उपाय आहे. आणि पोटाच्या वरच्या भागात दुखताना घाम फुटत असेल, दुखणं जबड्याकडे किंवा हातात जात असेल, तर गॅस म्हणत पाणी उकळायला ठेवू नका. थेट रुग्णालयात जाऊन हृदयाचा आलेख काढून घ्या.