साथरोगशास्त्राच्या सादरीकरणासाठी प्रश्न कसे तयार करावेत

उद्रेकाचा तपास या विषयावरील सादरीकरणानंतर श्रोत्यांना व्याख्या विचारल्या, तर पाठ केलेली उत्तरे मिळतात. त्याऐवजी एकच खरा उद्रेक निवडून सर्व प्रश्न त्याच्याच आकड्यांवर बेतावेत. न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगो परगण्यात 18 एप्रिल 1940 रोजी चर्चच्या सामुदायिक भोजनानंतर झालेली अन्नविषबाधा यासाठी उत्तम आहे. जेवायला 80 जण होते, त्यांपैकी 75 जणांच्या मुलाखती झाल्या आणि 46 जण आजारी पडल्याचे आढळले.

सुरुवात आजारी कोणाला म्हणायचे, या प्रश्नाने करावी. श्रोत्यांना रुग्णाची व्याख्या लिहायला सांगावी आणि तीत लक्षणे, ठिकाण व कालावधी हे तिन्ही आले आहेत का, ते पाहावे. येथे एक चूक हमखास होते: काहीजण ‘आइस्क्रीम खाल्ल्यावर उलट्या झालेली व्यक्ती’ अशी व्याख्या करतात. संशयित पदार्थच व्याख्येत घातला, की त्या पदार्थाचा दोष तपासण्याची सोय उरत नाही; ही चूक श्रोत्यांच्या स्वतःच्या लक्षात येईपर्यंत पुढे जाऊ नये.

दुसरा प्रश्न तक्ता समोर ठेवून विचारावा. व्हॅनिला आइस्क्रीम खाणाऱ्या 54 पैकी 43 जण, म्हणजे सुमारे 80 टक्के, आजारी पडले. न खाणाऱ्या 21 पैकी केवळ 3 जण, म्हणजे 14 टक्के. हॅम खाणाऱ्यांत हे प्रमाण 63 टक्के, तर न खाणाऱ्यांत 59 टक्के होते. ‘हॅम खाणारे 29 जण आजारी पडले, मग हॅम निर्दोष कसे?’ असे विचारले, की केवळ आजाऱ्यांची संख्या पुरेशी नसून खाणारे व न खाणारे यांच्या प्रमाणांची तुलना करावी लागते, हे उत्तर श्रोत्यांकडूनच येते. तयारीच्या श्रोत्यांसाठी याच तक्त्यात आणखी एक पेच आहे. चॉकलेट आइस्क्रीम खाणाऱ्यांत 53 टक्के आणि न खाणाऱ्यांत 74 टक्के आजारी पडले, मग चॉकलेटने संरक्षण दिले असे म्हणावे का? असा निष्कर्ष काढण्यापूर्वी, चॉकलेट न घेणाऱ्यांनी व्हॅनिला घेतले होते का, हे गट वेगळे करून पाहावे लागते.

नवे रुग्ण आणि एकूण रुग्ण यांतील फरकासाठी हाच प्रसंग पुरतो. 75 पैकी 46, म्हणजे 61 टक्के, हे त्या काळात नव्याने आजारी पडलेल्यांचे प्रमाण, अर्थात इन्सिडन्स. उद्रेकात त्यालाच अटॅक रेट म्हणतात. आता विचारावे: 21 एप्रिलला गावात जाऊन त्या दिवशी आजारी असलेल्यांची गणना केली असती, तर काय दिसले असते? रुग्ण साधारण 24 ते 30 तासांत बरे झाले होते, त्यामुळे त्या दिवसाचा प्रिव्हॅलन्स, म्हणजे त्या वेळी आजारी असलेल्या एकूण लोकांचे प्रमाण, जवळजवळ शून्य भरला असता. लगेच उलट प्रश्न द्यावा: मधुमेहाचे नवे रुग्ण तेवढेच राहिले, पण उपचारांमुळे रुग्ण अधिक वर्षे जगू लागले, तर कोणता आकडा वाढेल? वाढेल तो प्रिव्हॅलन्स. आणि तो वाढला म्हणून आजार फैलावतो आहे असे ठरत नाही. या मुद्द्याला घाई करू नये, कारण बातम्या वाचताना नेमकी येथेच गल्लत होते.

शेवटी साथीचा आलेख घ्यावा. आडव्या अक्षावर लक्षणे सुरू झाल्याची वेळ आणि उभ्या अक्षावर रुग्णसंख्या असते. आधी प्रत्येक स्तंभ एका दिवसाचा घेऊन आलेख दाखवावा. 18 आणि 19 एप्रिलचे दोनच स्तंभ दिसतील आणि त्यांवरून काहीच उलगडणार नाही. मग तासातासाचे स्तंभ दाखवून ‘आता काय दिसते?’ असे विचारावे. 18 तारखेच्या रात्री रुग्णसंख्या झपाट्याने चढते आणि 19 च्या पहाटेपर्यंत ओसरते. एकाच स्रोतातून थोड्या वेळात अनेकांना बाधा झाली, की आलेखाला असा एकच उंचवटा येतो. येथे अधिशयन काळ, म्हणजे बाधक पदार्थ पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, साधारण चार तासांचा होता, म्हणून तासाचा स्तंभ योग्य ठरतो.

सर्वांत चांगला प्रश्न मात्र उंचवट्याच्या बाहेरच्या एका स्तंभावर आहे. भोजन संध्याकाळी सुरू झाले, मग एका मुलाला दुपारी तीन वाजताच त्रास कसा सुरू झाला? श्रोते बहुधा वेळ चुकीची नोंदवली गेली किंवा आजार वेगळा असेल असे म्हणतील आणि तो रुग्ण वगळायला निघतील. त्यांना थोडा वेळ द्यावा आणि मग नोंद सांगावी: आइस्क्रीम तयार होत असताना तेथे असलेल्या या मुलाला सकाळी अकरा वाजता व्हॅनिला आइस्क्रीम दिले गेले होते. अकरा ते तीन हे अंतर बरोबर चार तासांचे आहे, आणि आइस्क्रीम चर्चमध्ये वाढले जाण्यापूर्वीच दूषित झाले होते, हे या एका रुग्णावरून कळते.