शेवटची ओळ लिहायला बसण्याआधी

दीर्घ लेखाची शेवटची ओळ बहुतेक वेळा वहीतच असते, आणि वहीत नसेल तर टेबलाशी बसून ती सुचत नाही. म्हणून शेवट जमवण्याच्या कामांच्या यादीतलं पहिलं काम मुलाखतीसाठी गावाला निघतानाच करायचं आहे. वही उलटी धरून मागची दोन पानं मोकळी सोडा. मुलाखत संपली, पेनाला टोपण लागलं, चहा आला, त्यानंतर जे बोललं जातं आणि घडतं ते या पानांवर उतरवायचं. शेवटचा प्रश्न विचारून झाल्यावर लगेच उठू नका, दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसा. माणसं त्या वेळात पुन्हा आपापल्या कामाला लागतात, आपण बाहेरून आलोय हे विसरतात. मला आजवर मिळालेले चांगले शेवट याच पानांवर सापडले आहेत.

पुढचं सगळं एका लेखाच्या आधाराने सांगते, कारण त्या लेखाच्या शेवटाने मला तीन आठवडे छळलं होतं. विषय होता बीड जिल्ह्यातल्या एका गावातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, आणि मध्यभागी त्यांतली एक बाई. लांबी सुमारे चार हजार शब्द, दिवाळी अंकासाठी. लेख उघडत होता दसऱ्यानंतरच्या एका रात्री: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, ट्रंक, सरपण, शेळी आणि सगळ्यांत वर झोपलेली पोरं. लेख संपायचा होता कारखान्याचा पट्टा पडल्यानंतर, म्हणजे गाळप थांबल्यावर मुकादम हिशेब करतो त्या दिवशी.

पहिल्या खर्ड्याचा शेवट असा होता: ‘आपल्या चहातली साखर गोड करणाऱ्या या हातांच्या आयुष्यात गोडवा कधी येणार, हा प्रश्न आपण कधी तरी स्वतःला विचारणार आहोत का?’ आज ही ओळ वाचतानाही मला अवघडल्यासारखं होतं. उपदेश ओळखायची खूण म्हणून मी तेव्हापासून एक साधी तपासणी करते. शेवटच्या परिच्छेदातले ‘आपण’, ‘समाज’, ‘व्यवस्था’, ‘प्रश्न’, ‘कधी’ हे शब्द आणि प्रश्नचिन्हं अधोरेखित करायची. माझ्या त्या एका वाक्यात ‘आपण’ दोन रूपांत होता, ‘कधी’ दोनदा होता, ‘प्रश्न’ होता आणि प्रश्नचिन्हही होतं. त्यातही ‘आपण’ सर्वांत घातक. चार हजार शब्द ‘ती’, ‘तो’, ‘ते’ यांच्याबद्दल बोलून झाल्यावर लेखिका अचानक वाचकाकडे वळते, आणि ज्या बाईबरोबर वाचक इतका वेळ चालत आला ती त्याच क्षणी बाजूला पडते.

दुसऱ्या खर्ड्यात मी उलट्या टोकाला गेले. परतीचा ट्रॅक्टर घेतला: तीच ट्रॉली, तीच ट्रंक, तीच पोरं, फक्त दिशा गावाकडची. वाचताना लेख पुरा झाल्यासारखा वाटत होता, म्हणून चूक पटकन कळली नाही. ती कळण्यासाठी पहिला आणि शेवटचा परिच्छेद एका कागदावर वर-खाली लिहा आणि दोन्हींतली नामं जुळवून पाहा. माझ्याकडे सहा नामं सारखी निघाली. सुरुवातीकडे परत जाणं वाईटच असतं असं नाही. मधल्या मजकुरामुळे त्याच वस्तूचा अर्थ पालटला असेल, तर ती जरूर परत आणावी. पण लोक हंगाम संपल्यावर परत येतात हे वाचकाला लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात कळलं होतं. माझ्या ट्रॅक्टरने त्याला नवं काहीच आणून दिलं नाही, फक्त वर्तुळ जुळल्याचं समाधान दिलं. त्या बाईचं काहीच जुळलेलं नव्हतं, त्यामुळे ते समाधानही खोटं होतं.

तेव्हा मी वहीची मागची पानं काढली. हिशेबाच्या दिवशी मुकादमाच्या ओट्यावर मी चहा पीत होते, वही मिटलेली होती. उचल किती, फिटली किती, खाडे किती हे सगळं सांगून झालं होतं. बाकी निघतच होती. मग मुकादमानं तिच्या नवऱ्याला विचारलं, “पोरगं कितवीला हाय?” तो म्हणाला, “नववीला.” मुकादमानं पान उलटलं आणि विचारलं, “मंग फुडच्या सालाला दीड कोयता लिहू का?” नवरा गप्प राहिला. दाराशी उभी असलेली ती म्हणाली, “धावी होऊ द्या त्याची.” हे मी तेव्हा किरकोळ म्हणून मागच्या पानावर नोंदवलं होतं.

असं काही हाती लागलं की यादीतलं पुढचं काम म्हणजे त्याची पेरणी. ‘दीड कोयता’ हे शब्द शेवटी ज्याला समजावून सांगावे लागतील, त्याच्यासाठी तो शेवट मेलेला आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल याच मापाने दिली जाते. ही माहिती माझ्या लेखात होती, पण एका कंसात आणि अगदी शेवटाजवळ. ती मी उचलून मधल्या भागात, उचल कशी ठरते त्या परिच्छेदात नेली आणि तिला दोन पूर्ण वाक्यं दिली. शेवटापासून साधारण हजार-दीड हजार शब्दांचं अंतर बरं पडतं. वाचकाला ते लक्षात राहतं, आणि पुढे कुठे वापरायचं म्हणून ते सांगितलंय असा संशयही येत नाही. शेवटाला लागणारी प्रत्येक गोष्ट अशी आधी पोचवून ठेवा: मुलाचं वय, त्याची शाळा, माप. शेवटच्या परिच्छेदात नवीन माहिती फक्त एकच असावी, जे घडलं ते.

यानंतर मोह होतो तो कात्रीचा. एका मित्राने वाचून सुचवलं की मुकादमाच्या प्रश्नावरच थांब, काय जबरदस्त शेवट आहे! होताच. पण बाईने उत्तर दिलं होतं. ते कापलं असतं तर मुलाचं पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं असतं आणि ती मुकी झाली असती. प्रत्यक्षात त्या प्रश्नावर बोललेली ती एकटीच होती. ठोका जोरात पडावा म्हणून घडलेल्या प्रसंगाचा अर्थ फिरवत असाल, तर ती जागा थांबायची नाही. ओळीच्या पुढे लगेच काय घडलं हे वहीत तपासा आणि ते गाळल्याने अर्थ बदलतो का, हे स्वतःला विचारा.

अमेरिकन पत्रकार जॉन हर्सी यांचा हिरोशिमावरचा दीर्घ लेख न्यूयॉर्कर साप्ताहिकाच्या ३१ ऑगस्ट १९४६ च्या अंकात आला. शेवटाचा विचार करताना तो मी दरवेळी उघडते. सुरुवात सकाळी सव्वाआठच्या क्षणाने होते, कारखान्याच्या कचेरीत शेजारणीकडे मान वळवणाऱ्या एका तरुणीपाशी. शेवट तिच्याकडे परत जात नाही, बाँबबद्दल मतही देत नाही. तो दहा वर्षांच्या एका मुलाने शाळेसाठी लिहिलेल्या निबंधावर होतो. आदल्या दिवशी पोहायला गेलो, सकाळी शेंगदाणे खात होतो, उजेड दिसला, अशा सुरात मुलगा लिहीत जातो आणि शेवटी दोन मैत्रिणी भेटल्या, त्या आपापल्या आईला शोधत होत्या, असं सांगतो. एकीची आई जखमी होती, दुसरीची मेलेली. बस्स, इतकंच. आधीच्या सगळ्या मजकुरात वाचकाने काय काय पाहिलंय हे हर्सींना माहीत होतं, म्हणून त्या मुलाच्या वाक्याला त्यांनी स्वतःचा एकही शब्द जोडला नाही.

आता वाक्याकडे या. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लेखाचा शेवटचा शब्द बऱ्याचदा ‘होती’, ‘आहे’, ‘म्हणाली’ असा बिनवजनाचा निघतो. माझं वाक्य आधी असं होतं: “धावी होऊ द्या त्याची,” असं ती म्हणाली होती. ऐकून पाहा, ‘होती’ने सगळा जोर गिळला. यावर सोपी वाट म्हणजे शब्द उलटे मांडणं, ‘ती म्हणाली एवढंच, हळू आवाजात’ यासारखं. ती टाळाच. ते नाटकी होतं आणि पुरवण्यांतल्या निम्म्या लेखांचा शेवट तसाच असतो. मी ‘दाराशी उभी असलेली ती म्हणाली’ हे आधी घेतलं आणि तिच्या शब्दांवर पूर्णविराम दिला. शेवट कथनाच्या वाक्याने होत असेल, तर ‘आहे-होतं’ऐवजी हातापायांची हालचाल सांगणारं क्रियापद मिळतंय का बघा, आणि वजनाचा शब्द क्रियापदाच्या अगदी अलीकडे ठेवा. मग मोठ्याने वाचा. जिथे आवाज आपोआप भाषणाचा होतो तिथे काहीतरी जादा आहे.

‘धावी’ की ‘दहावी’, हेही आधीच ठरवून ठेवा. तिची बाकीची वाक्यं लेखात मी प्रमाण मराठीत घातली होती. तसंच ठेवून फक्त शेवटी बोली आणली असती तर ती शोभेची ठरली असती. मी मागे जाऊन तिची सगळी वाक्यं वहीतल्यासारखी करून घेतली. त्यात एक संध्याकाळ गेली.

हे झाल्यावर शेवटचा परिच्छेद तळहाताने झाका आणि वरचा वाचा. लेख तिथेच संपत असेल तर खालचा काढून टाका. माझ्याकडे तिच्या वाक्याखाली अजून एक ओळ उरली होती, ‘मुकादमानं वहीत काहीतरी लिहिलं.’ काय लिहिलं ते मी पाहिलं नव्हतं. गूढ वाटावं म्हणून ठेवलेली ती ओळ काढली.

छापायला देण्याआधी एक फोन राहतो. हिशेबाचा दिवस एप्रिलमधला, अंक निघणार दिवाळीत. मधल्या काळात मुलगा शाळा सोडून गेला असता, तर माझा शेवट खरा असूनही फसवा झाला असता. मी सप्टेंबरात बाईला फोन केला, तिचं वाक्य तिला वाचून दाखवलं, छापू का विचारलं. मुलगा दहावीत बसला होता. ती म्हणाली, छापा, पण पोराचं नाव नको. गावाचं नावही मी काढलं.

आणि मांडणी करणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. मजकूर जास्त झाला की कात्री खालून लागते आणि इतक्या खटपटीने जमवलेली ओळ जाहिरातीखाली जाते. प्रतीच्या समासात पेन्सिलीने लिहून द्या की जागा कमी पडली तर कुठून कापायचं. माझ्या लेखातून शेवटच्या रात्री चौदा ओळी कमी कराव्या लागल्या. साखरशाळांवरच्या परिच्छेदाला मी तशी खूण करून ठेवली होती, त्या तिथून गेल्या.