उद्घाटनाच्या भाषणाचा मसुदा मी कसा बदलला

नव्या प्रयोगशाळा-इमारतीच्या उद्घाटनासाठी संचालकांच्या भाषणाचा मसुदा माझ्याकडे आला, तेव्हा तो मोठ्याने वाचायला बारा मिनिटे लागत होती आणि त्यातील पहिली तीन मान्यवरांच्या नावांतच जात होती. श्रोते उभे राहून ऐकणार होते, म्हणून चार मिनिटांची, म्हणजे साधारण साडेचारशे शब्दांची मर्यादा मी आधी ठरवली. नामावली सूत्रसंचालकाकडे सोपवली आणि चौरस फुटांचे आकडे माहितीपत्रकात हलवले.

खरी अडचण वाक्यांची होती. ‘सदर अत्याधुनिक वास्तूच्या माध्यमातून संशोधनास चालना मिळेल, असा विश्वास व्यक्त करण्यात येत आहे’ या वाक्यात बोलणारा माणूसच नाही, आणि ते कोणत्याही इमारतीला चालले असते. मी प्रयोगशाळा सहायकांना जुन्या जागेबद्दल विचारले आणि त्यांच्या उत्तरातून नवे वाक्य घडले: ‘जुन्या प्रयोगशाळेत घातक वाफा बाहेर खेचणारा एकच फ्यूम हूड होता, आणि आपली पाळी येण्यासाठी विद्यार्थी रात्रीपर्यंत थांबत, आजपासून त्यांना थांबावे लागणार नाही.’

आभारही असेच नेमके केले. ‘सर्व संबंधितांचे आभार’ याऐवजी, सूक्ष्मदर्शकाला कंप पोहोचू नयेत म्हणून त्याची खोली तळमजल्यावर हलवण्याचा आग्रह धरणाऱ्या अभियंत्यांचा उल्लेख, त्यांची परवानगी घेऊन, केला. असा एक प्रसंग दहा विशेषणांपेक्षा अधिक आदर व्यक्त करतो, असे मला मनापासून वाटते.

शेवटचा परिच्छेद पूर्ण वगळून तिथे ‘चला, आपण आत जाऊ या’ एवढेच ठेवले, कारण त्यानंतर लगेच फीत कापायची होती.