मिरगाआधी फ्लीस जॅकेट धुवून ठेवायचंय? मग ही तयारी करा

मे महिन्यात पोरं हिमाचल-उत्तराखंडला ट्रेकला जाऊन येतात आणि येताना घामाने, धुराने, धुळीने भरलेली फ्लीसची जॅकेटं घेऊन येतात. मिरग 7-8 जूनला, म्हणजे धुवून कडक वाळवून ठेवायला हातात थोडेच दिवस असतात, त्यानंतर आपल्याकडे जाड कपडा वाळणं अवघडच. माझ्या भाच्याची दोन जॅकेटं आत्ता माझ्यापुढे आहेत, एक जाड फ्लीसचं झिपवालं आणि एक एकदम मऊ पातळ मायक्रोफायबरचं, त्यांच्यावरूनच सांगते.

पाण्यात घालायच्या आधी जॅकेट उजेडात धरून गोळे कुठे आलेत ते बघा. खांद्यावर आणि कमरेला असतील तर ते सॅकच्या पट्ट्यांनी आलेत, धुण्याचा त्यात दोष नाही. पण सगळ्या अंगभर बारीक बारीक गोळे असतील तर ते धुताना घासल्यामुळे आलेत असं समजा. हे दोन्ही कपडे पॉलिस्टरचे, वरची लव मुद्दाम ब्रशने काढलेली असते, ती घासली की धागे सुटतात, एकमेकांत गुंततात आणि त्याचा गोळा होतो. लोकरीचा गोळा काही दिवसांनी तुटून पडतो, पॉलिस्टरचा धागा चिवट, म्हणून गोळा तिथेच चिकटून बसतो. तो ओढून काढू नका, ओढला की आणखी धागे बाहेर येतात. धुवून वाळल्यावर जॅकेट टेबलावर सपाट पसरून लिंट रिमूव्हर हलक्या हाताने फिरवायचा.

आता खिसे रिकामे करा, झिप पूर्ण वर लावा, वेलक्रो असेल तर बंद करा (त्याचे हूक लवीला फाडतात, उघडा वेलक्रो मशीनमधे गेला तर दुसऱ्या जॅकेटचीही वाट लागते) आणि जॅकेट उलटं करा म्हणजे जी काही घासाघीस होईल ती आतल्या बाजूला होईल. कॉलर आणि मनगटाला मेणचट मळ असतो, तिथे लिक्विड डिटर्जंटचे दोन थेंब बोटाने लावून दहा मिनिटं ठेवा. आमच्याकडे कपडे धुवायला येणाऱ्या मावशी हे बघून म्हणतातच, "ब्रश मार गो, नायतर मळ जावचो नाय." मळ जातो, मावशी, जरा धीर धरायचा. फ्लीसला ब्रश नको, साबणाची वडी नको आणि धुण्याच्या दगडावर आपटणं तर अजिबात नको, एकदा लव उठली की ती परत बसवता येत नाही.

पाण्याचं मात्र आधी ठरवा. खाडीजवळच्या किंवा किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, त्यात फेस नीट होत नाही आणि धुतलेल्या कपड्यात मीठ राहतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे जॅकेट वाळलंय असं वाटतं आणि दोन दिवसांनी हाताला परत दमट लागतं, झिपच्या कडेला पांढरट रेघ दिसते. तुमचं पाणी तसं असेल तर धुवा त्याच पाण्यात, पण शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यात करा, दोन बादल्या नळाचं पाणी आधीच भरून बाजूला ठेवा.

हाताने धुवायचं तर वीस लिटरच्या बादलीत पाऊण बादली साधं गार पाणी आणि एक मोठा चमचा लिक्विड, जास्त नको. पावडर गार पाण्यात नीट विरघळत नाही आणि तिचे कण लवीत अडकून बसतात. पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा, मग नुसतं वरखाली दाबत राहा, पिळू नका. मशीन असेल तर जॅकेट जाळीच्या पिशवीत घालून जेंटलवर, पाणी गार किंवा तीस डिग्री. आपल्याकडे बऱ्याच घरी सेमी-ऑटोमॅटिक आहे, तिच्यात पाणी भरपूर घ्या म्हणजे जॅकेट तरंगेल, आणि तीन-चार मिनिटं पुरे. सोबत टॉवेल, पंचा, चादर काहीही टाकू नका, कॉटनचा भुगा मायक्रोफायबरवर असा बसतो की नंतर वेचत बसावं लागतं. खळबळताना पाण्याला फेस यायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहा, साबण राहिला तर लव कडक आणि चिकट होते आणि पावसाळ्यात बुरशी धरते ती याच साबणावर आणि घामाच्या मळावर.

सॉफ्टनर घालू का, असं हमखास विचारतात. माझं मत नको. तो धाग्यावर थर चढवतो, लव चपटी होते आणि घाम बाहेर टाकायचं जॅकेटचं काम मंदावतं. लोक तो घालतात स्टॅटिकसाठी, अंगातून काढताना चटचट आवाज येतो आणि केस उभे राहतात ना, त्यासाठी. त्याचं कारण असं की साधारण हवेत शंभर ग्रॅम कॉटन सात-आठ ग्रॅम पाणी धरून ठेवतं आणि पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही, म्हणून घासून तयार झालेली वीज निघून जायला वाट मिळत नाही. आपल्या किनाऱ्यावर हवाच इतकी दमट की वर्षातले बरेच महिने हा त्रास जाणवतच नाही. तो येतो जानेवारीत मतलई वारं सुटून हवा कोरडी पडली की, नाहीतर ड्रायरमधे जॅकेट गरजेपेक्षा जास्त फिरलं की, आणि पोरगं मनालीत पोचल्यावर तर नक्कीच. तिथे आत कॉटनचा टीशर्ट घालायला सांगा, पॉलिस्टरवर पॉलिस्टर घातलं की चटके बसतातच. ड्रायर वापरायचाच तर लो हीट ठेवून थोडं दमट असतानाच बाहेर काढा.

वाळवायला ड्रायरची गरज फारशी नसते. पॉलिस्टरच्या धाग्यात पाणी शिरत नाही, ते फक्त लवीच्या फटीत असतं, म्हणून स्पिनमधे एक मिनिट फिरवलं की बहुतेक पाणी निघून जातं. मग पडवीत सावलीत, वारं लागेल असं रुंद हँगरवर लावा. समुद्रासमोरच्या बाजूला नको, खारं वारं परत मीठ आणून बसवतं, घराच्या मागच्या बाजूला टांगा. भाच्याचं पातळ जॅकेट दुपारपर्यंत वाळलं, जाड्याला संध्याकाळ झाली. वाळलं की नाही हे बघायला खिशाचा कोपरा, मनगटाची पट्टी आणि कॉलरची शिवण गालाला लावा, गार लागलं तर अजून ओल आहे. पाऊस आधीच सुरू झाला तर पंख्याखाली रात्रभर ठेवा, पण चुलीवरच्या दांडीवर टाकू नका, एक ठिणगी उडाली तरी भोक पडतं, आणि इस्त्रीही करू नका, लव वितळून चकाकते.

पूर्ण वाळलं की दाबून घडी न घालता सैल गुंडाळून कॉटनच्या उशीच्या अभ्र्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत राहिलेली ओल तिथेच कोंडते. श्रावणात ऊन पडलेला दिवस मिळाला की बाहेर काढून तासभर वाऱ्यावर टाका आणि तेव्हाच परत एकदा कॉलर गालाला लावून बघा.