या चुका टाळा: अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले गाणे आपले होत नाही

गेल्या दिवाळीत गावी निघताना माझ्या मेहुण्यांनी संगीताच्या अ‍ॅपवर दोनशे गाणी डाउनलोड केली आणि ती गाडीच्या पेन ड्राइव्हवर घेण्यासाठी फोन लॅपटॉपला जोडला. फोनमधली दोन जीबीहून अधिक जागा भरली होती, पण शोधून शोधून एकही .mp3 फाइल सापडेना. गाणी फोनमध्येच होती. मात्र ती कुलूपबंद होती आणि किल्ली अ‍ॅपकडे होती.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच आहे. स्ट्रीमिंग सेवेतील डाउनलोड म्हणजे नेटवर्क नसताना ऐकता यावे म्हणून ठेवलेली सांकेतिक स्वरूपातील प्रत असते, आणि ती त्या अ‍ॅपशिवाय कशातही वाजत नाही. स्पॉटिफायवर तर निदान 30 दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडावे लागते. तसे न केल्यास किंवा सशुल्क वर्गणी संपल्यास डाउनलोड केलेली गाणी ऑफलाइन वाजणे थांबते. शंका असल्यास तेच गाणे फोनमधल्या दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून पाहावे. तिथे ते दिसलेच नाही, तर आपल्याकडे फाइल नसून केवळ ऐकण्याची परवानगी आहे.

दुसरी चूक म्हणजे यादीतले गाणे अचानक करडे पडले की अ‍ॅप काढून पुन्हा टाकणे. (असे केल्याने डाउनलोड केलेली बाकीची गाणीही पुसली जातात, ते वेगळेच.) बहुतेक वेळा दोष फोनचा नसून परवान्याचा असतो. मार्च 2023 मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांच्यात परवान्याच्या अटींवर एकमत न झाल्याने झीची असंख्य गाणी त्या सेवेवरून उतरली, आणि नियमित पैसे भरणाऱ्या वर्गणीदारांच्या यादीतूनही ती गेली. अशा वेळी तेच गाणे एखाद्या संकलित अल्बममध्ये आहे का, हे नावाने शोधून पाहावे. संपूर्ण कंपनीच बाहेर पडली असेल, तर वर्गणीदाराच्या हाती काही उरत नाही.

गाणे विकत घेण्याचा व्यवहार निराळा आहे. ॲपलच्या आयट्यून्स स्टोअरने 2009 मध्ये गाण्यांवरचे कुलूप काढले, त्यामुळे तिथून घेतलेली .m4a फाइल पेन ड्राइव्हवर घेता येते आणि इतर प्लेअरमध्येही वाजते. स्वामित्वहक्क अर्थातच निर्मात्याकडेच राहतो. आपली असते ती स्वतः ऐकण्यासाठीची प्रत. मात्र खरेदीनंतर ती दुकानाच्याच भरवशावर ठेवणे ही तिसरी चूक होय, कारण गाणे दुकानातून निघाल्यास ते पुन्हा उतरवून घेता येईलच असे नाही. खरेदीच्याच दिवशी एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवावी.

मेहुण्यांनी अखेर प्रवासात हवीच असलेली बारा गाणी विकत घेतली, आणि बाकीच्यांसाठी फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडला.