व्हिडिओ मुलाखतीआधी रिक्रूटरकडून काय काय मागून घ्यायचं

शर्ट, बायोडेटा, मागची भिंत हे तुमचं तुम्ही पाहा. मी फक्त रिक्रूटरकडून काय मागून घ्यायचं तेवढंच सांगतो: लिंक, एक चाचणी आणि एक फोन नंबर. त्यातही नंबर. लिंक न मागता येतेच, नंबर मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

तारीख ठरली की त्याच दिवशी मेसेज टाका. असा:

"नमस्कार मॅडम, गुरुवारी 11 वाजताच्या मुलाखतीला मी आर्वी तालुक्यातल्या माझ्या गावातून जोडणार आहे. इथे वीज आणि नेट अधूनमधून जातं. लिंक मंगळवारपर्यंत मिळेल का? बुधवारी 11 वाजता पाच मिनिटं आवाज आणि व्हिडिओ तपासायला कोणी असेल का? आणि ऐन मुलाखतीत नेट गेलं, तर पॅनेलला लगेच कळवू शकेल अशा एका व्यक्तीचा नंबर द्याल का? माझा दुसरा नंबरही सोबत देतो."

यात लाजण्यासारखं काही नाही. गावातून जोडतोय हे आधी सांगितलेलं बरं, मुलाखत तुटल्यावर सांगितलं की ते कारण वाटतं.

लिंक आली की ती कोणत्या मेलवर आली ते बघा. गूगल मीट असेल तर ज्या खात्यावर निमंत्रण आलं त्याच खात्यातून उघडा. घरात चांगला मोबाइल एकच, आणि त्यात भावाचं खातं चालू असतं. त्यातून गेलात तर आत येण्याची परवानगी मागावी लागते आणि पॅनेलला नाव दिसतं भावाचं. अनोळखी नाव पाहून त्यांनी घेतलं नाही, तर तुम्ही बाहेरच. झूम किंवा टीम्स असेल तर ॲप आदल्या दिवशीच उतरवून ठेवा.

चाचणी त्याच खोलीत, त्याच फोनवर आणि मुलाखतीच्याच वेळेला करा. सकाळी सहाला नेट छान धावतं, त्यावरून संध्याकाळचं काही कळत नाही. स्पीड पाहताना अपलोडचा आकडा बघा, कारण तुमचा चेहरा आणि आवाज तिकडे जातो तो अपलोडवर. दोघांच्या कॉलमध्ये चांगल्या चित्रासाठी झूम 600 केबीपीएस सांगतं, नुसत्या आवाजाला 60 ते 80 पुरतात. म्हणजे चित्र अडकलं तरी कॅमेरा बंद करून बोलणं चालू राहू शकतं. तसं चालेल का, हे रिक्रूटरला आधीच विचारून ठेवा. आणि चाचणीच्या नावाखाली कोणी पैसे मागितले किंवा मोबाइलचा ताबा देणारं ॲप टाकायला लावलं, तर तिथेच थांबा. खऱ्या चाचणीला यातलं काही लागत नाही.

आता नंबर. मागच्या वेळी माझ्याकडे लिंक होती, चाचणी झाली होती, नंबर नव्हता. पाऊस आला, लाइन गेली, थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही उतरली. निमंत्रण आलं होतं ते उत्तर न घेणाऱ्या मेलवरून. कळवायचं कोणाला? तिकडे नोंद झाली, उमेदवार आला नाही.

म्हणून नंबर घ्या, पण कोणाचाही नको. रिक्रूटर कन्सल्टन्सीची असेल तर ती मुलाखतीत नसते, त्या वेळी दुसऱ्याच कोणाशी बोलत असते, आणि बऱ्याचदा पॅनेलचा नंबर तिच्याकडेही नसतो. तेव्हा स्पष्ट विचारा: 11 ते 12 मध्ये फोन कोण उचलेल, आणि ती व्यक्ती पॅनेलपर्यंत निरोप पोचवू शकेल का? कंपनीच्या एचआरमधली, मुलाखती लावणारी व्यक्ती सगळ्यात बरी. नेट गेलं तर पॅनेल किती मिनिटं थांबेल, साध्या फोनवर बोलतील की दुसरी वेळ देतील, तेही त्याच मेसेजमध्ये विचारा.

नंबर मिळाला की कागदावर लिहा. मेलमध्ये पडलेला नंबर नेट गेल्यावर सापडत नाही. बाबांच्या फोनमध्येही टाका, आणि त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम असू द्या. जिओचा कॉल 4जी-5जीवरच चालतो, तिथे 2जी नाही; एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएलवर डेटा नसतानाही कधी कधी साधा फोन लागतो. पण दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर असतील तर दोन्ही एकदमच जातील. मग फोन कुठे लागतो, बसस्टँडवर की शाळेच्या पटांगणात, ते आधी पाहून ठेवा. आदल्या दिवशी त्या नंबरवर एक फोन करून तो खरंच लागतो का बघा.

बाकी चार्जिंग, रिचार्ज, इन्व्हर्टर बघून ठेवा, कुलर बंद करा. दहा मिनिटं आधी लिंक उघडा, कागद समोर ठेवा. मुलाखतीची वेळ झाल्यावर पाच मिनिटं कोणी आत घेतलं नाही तर वाट पाहत बसू नका, नंबर लावा.